सीजीपीएचे टक्के करून देणारं पत्र: नोकरीसाठी ते कुणाकडे, कसं मागायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमधून किंवा स्वायत्त महाविद्यालयांमधून अभियांत्रिकी, विज्ञान, वाणिज्य अशा शाखांची पदवी घेतलेल्यांसाठी आहे. गुणपत्रिकेवर सीजीपीए किंवा सीजीपीआय आहे आणि बँक, सरकारी कंपनी किंवा खासगी नोकरीसाठी टक्के मागितले आहेत, असा प्रसंग इथे धरला आहे.

फॉर्ममध्ये टक्के मी स्वतः काढून लिहिले. मग वेगळं पत्र कशाला लागतं?

तुमचे टक्के कोणत्या नियमाने आले, हे भरती करणाऱ्याला माहीत नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५च्या श्रेयांक पद्धतीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दहा गुणांची पट्टी सुचवली. त्यात ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७ आणि उत्तीर्ण होण्यापुरती पी श्रेणी ४. सीजीपीए कसा काढायचा याचं सूत्रही त्यात आहे. पण सीजीपीएपासून टक्क्यांकडे जाण्याचा नियम विद्यापीठागणिक वेगळा राहिला. त्यामुळे दोन विद्यापीठांच्या सारख्याच सीजीपीएचे टक्के सारखे निघतील असं नाही.

म्हणूनच मोठ्या भरत्यांच्या जाहिरातींत हा मुद्दा स्पष्ट लिहिलेला असतो. आयबीपीएसच्या बँक भरतीच्या जाहिरातीचा आशय असा: सीजीपीए असेल तर त्याचे टक्के करून ऑनलाइन अर्जात भरा आणि मुलाखतीला बोलावलं तर योग्य प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र दाखवा. त्या प्रमाणपत्रात विद्यापीठाचा रूपांतराचा नियम हवा आणि त्या नियमानुसार उमेदवाराचे टक्केही हवेत. या दोनपैकी एकच गोष्ट असलेली पत्रं घेऊन लोक जातात आणि अडकतात.

दहाने गुणलं किंवा साडेनऊने गुणलं तर काय बिघडतं?

साडेनऊचा गुणक सीबीएसईच्या दहावीचा आहे. सीबीएसईने दहावीला सातत्यपूर्ण मूल्यमापन आणि सीजीपीए लावला होता, त्या वर्षांत ढोबळ टक्के काढण्यासाठी तो दिलेला होता. पदवीशी त्याचा संबंध नाही. तरी इंटरनेटवरची बरीच गणकयंत्रं तोच वापरतात आणि पदवीधर बिनधास्त तो आकडा फॉर्ममध्ये भरतात.

एक उदाहरण पाहू. उमेदवाराचा सीजीपीए ६.७१ आहे आणि जागेला किमान ६० टक्के हवेत. दहाने गुणलं तर ६७.१० येतात, साडेनऊने गुणलं तर ६३.७५. दोन्हीकडे तो पात्र दिसतो. आता त्याच्या विद्यापीठाचा नियम एआयसीटीईच्या अप्रूव्हल प्रोसेस हँडबुकमधल्या तक्त्यासारखा आहे असं धरा. त्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७० आणि ८.२५ म्हणजे ७५. सूत्र असं होतं:

टक्के = (सीजीपीए − ०.७५) × १०

६.७१ मधून ०.७५ गेले की ५.९६ उरतात, म्हणजे ५९.६० टक्के. उमेदवार अपात्र ठरतो. फॉर्ममध्ये ६७.१० लिहिलेले असल्याने कागदपत्र पडताळणीच्या दिवशी चुकीची माहिती दिल्याचा प्रश्नही उभा राहतो. लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन, प्रवास करून तिथवर पोहोचल्यावर हे कळणं फार वाईट. म्हणून पत्र नंतर घेतलं तरी चालेल, पण नियम मात्र फॉर्म भरण्याआधीच शोधा.

५९.६० चे ६० धरत नाहीत का?

नाही. आयबीपीएसच्या जाहिरातीत हे शब्दांत लिहिलेलं असतं: ५९.९९ टक्के म्हणजे ६० पेक्षा कमीच. पत्रात दोन दशांशांपर्यंतचा आकडा मागा. कार्यालयाने स्वतःहून पूर्णांकात आकडा दिला आणि तो नियमाशी जुळत नसेल, तर तो तुमच्या फायद्याचा असला तरी दुरुस्त करून घ्या. सूत्र त्याच पत्रात असतं. पडताळणी करणारा दोन मिनिटांत हिशेब करतो आणि मग पत्राच्याच खरेपणावर शंका घेतो.

आमच्या विद्यापीठाचा नियम कुठे सापडेल?

आधी शेवटच्या सत्राच्या गुणपत्रिकेची मागची बाजू पाहा. श्रेणींचा तक्ता तिथे असतोच, अनेक ठिकाणी त्याखाली रूपांतराचं सूत्रही छापलेलं असतं. तिथे नसेल तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परीक्षा विभागाची परिपत्रकं आणि तुमच्या अभ्यासक्रमाचे अध्यादेश किंवा नियमावली पाहा.

शोधताना तुमचा अभ्यासक्रम कोणत्या वर्षाच्या पॅटर्नचा आहे ते हाताशी ठेवा. एकाच विद्यापीठात वेगवेगळ्या पॅटर्नसाठी वेगळी सूत्रं असू शकतात. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीसाठी इंटरनेटवर फिरणारी सूत्रं घ्या. एकात सीजीपीआयला ७.१ ने गुणून ११ मिळवतात, दुसऱ्यात ७.२५ ने गुणून ११ मिळवतात. ६.७१ साठी पहिल्याने ५८.६४ येतात, दुसऱ्याने ५९.६५. जवळजवळ पूर्ण एका टक्क्याचा फरक. मित्राने वापरलेलं सूत्र त्याच्या बॅचला बरोबर असेल, तुमच्या बॅचला ते लागू असेलच असं नाही. नेमकं कोणतं लागू आहे हे परिपत्रकावरूनच ठरवायचं.

परिपत्रक कुठेच मिळत नसेल आणि विद्यापीठ सार्वजनिक असेल, तर माहिती अधिकारात त्याची प्रत मागता येते. अर्जाचं शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. मुलाखत पुढच्या आठवड्यात असेल तर हा मार्ग कामाचा नाही, पण भरतीची तयारी वर्षभर चालू असेल तर एकदा हे करून ठेवावं.

पत्र कॉलेजचं चालतं की विद्यापीठाचंच लागतं?

ज्याने पदवी आणि गुणपत्रिका दिली, त्याचं पत्र सगळ्यात भक्कम. संलग्न महाविद्यालयात शिकला असाल तर गुणपत्रिका विद्यापीठाची असते, म्हणून पत्र विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नंतर त्या विभागाच्या प्रमुखाचं पद ‘संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ’ असं आहे. लोक बोलताना अजून परीक्षा नियंत्रकच म्हणतात, पण अर्जावर पदनाम बरोबर लिहा. स्वायत्त महाविद्यालयात परीक्षा आणि गुणपत्रिका महाविद्यालयाची असते, तिथे महाविद्यालयाचे परीक्षा नियंत्रक पत्र देतात. अभिमत आणि खासगी विद्यापीठांत कुलसचिव किंवा परीक्षा नियंत्रक.

संलग्न महाविद्यालयाच्या प्राचार्यांचं पत्र काही ठिकाणी स्वीकारतात, विशेषतः खासगी कंपन्यांत. प्राचार्यांचं पत्र घ्यायचंच असेल तर त्यात विद्यापीठाच्या परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख असावी आणि सोबत परिपत्रकाची साक्षांकित प्रत जोडावी.

विभागप्रमुखांचं किंवा प्लेसमेंट अधिकाऱ्यांचं पत्र मागू नका. ते लगेच मिळतं, म्हणून मोह होतो. पण निकाल जाहीर करण्याचा अधिकार त्यांना नाही, त्यामुळे पडताळणीत ते ‘योग्य प्राधिकारी’ ठरत नाहीत.

अर्जात काय लिहायचं?

कार्यालयातल्या माणसाला तुमचा निकाल शोधून, त्याला नियम लावून पत्र बनवायचं असतं. त्याला लागेल तेवढं सगळं एका पानात द्या. हा मसुदा वापरता येईल:

> प्रति,
> मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ, (विद्यापीठाचं नाव)
>
> विषय: सीजीपीएचे टक्केवारीत रूपांतर केल्याचे प्रमाणपत्र मिळणेबाबत.
>
> महोदय/महोदया,
> मी (गुणपत्रिकेवरील पूर्ण नाव), पीआरएन (क्रमांक), (महाविद्यालयाचे नाव) येथून (पदवी व शाखा) ही परीक्षा (महिना, वर्ष) मध्ये उत्तीर्ण झालो/झाले. माझा अभ्यासक्रम (वर्ष) पॅटर्नचा असून अंतिम सीजीपीए (आकडा) आहे.
>
> (भरती करणाऱ्या संस्थेचे नाव) यांच्या जाहिरात क्रमांक (…) नुसार, विद्यापीठाचा रूपांतराचा नियम आणि त्यानुसार माझी टक्केवारी, दोन्ही नमूद केलेले प्रमाणपत्र (तारीख) रोजी सादर करायचे आहे. तरी असे प्रमाणपत्र इंग्रजीत मिळावे, ही विनंती.
>
> सोबत: सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, जाहिरातीतील संबंधित पान, शुल्काची पावती.

जाहिरातीचं पान जोडणं बहुतेक जण टाळतात. ते नक्की जोडा आणि त्या ओळीखाली पेनाने रेघ मारा. ‘नियमही हवा आणि टक्केही हवेत’ हे तुम्ही तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. जाहिरातीत छापलेलं पाहिलं की लिपिक नेहमीचा एका ओळीचा दाखला काढत नाही. पत्र इंग्रजीत मागायचं कारण साधं आहे: बँका आणि केंद्राच्या कंपन्यांची पडताळणी मराठी न वाचणाऱ्या अधिकाऱ्याकडेही जाऊ शकते.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. पुढची सगळी चौकशी त्या क्रमांकावर होते. फाइल कुठल्या टेबलावर आहे हे नावाने विचारलं तर कुणी सांगू शकत नाही, आवक क्रमांकाने विचारलं तर सांगतात.

हातात आलेलं पत्र पुरेसं आहे हे कसं ओळखायचं?

खिडकी सोडण्याआधी तिथेच वाचा. आधी नाव पाहा, ते गुणपत्रिकेशी अक्षराक्षर जुळायला हवं. लग्नानंतर नाव बदललं असलं तरी पत्रावर गुणपत्रिकेवरचंच नाव येऊ द्या आणि नावबदलाचं राजपत्र वेगळं जोडा. मग पीआरएन, पदवी, शाखा, उत्तीर्ण झाल्याचा महिना आणि वर्ष तपासा.

त्यानंतर मुख्य मजकूर. सीजीपीए किती पैकी किती हे लिहिलेलं असावं, उदाहरणार्थ ‘१० पैकी ६.७१’. ‘१० पैकी’ हे शब्द नसले की परराज्यातला अधिकारी थांबतो, कारण काही संस्थांची पट्टी वेगळी असते. सूत्र, त्या सूत्राचा आधार असलेला अध्यादेश किंवा परिपत्रक, आणि दोन दशांशांपर्यंतचे तुमचे टक्के हे तिन्ही हवं. फोनवरच्या गणकयंत्रावर हिशेब करून आकडा जुळतो का ते लगेच बघा.

शेवटी बाह्य खुणा: लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, सही, सहीखाली नाव व पदनाम, गोल शिक्का. जावक क्रमांक नसलेलं पत्र दिसायला पूर्ण वाटतं, पण कंपनीने पडताळणीसाठी ईमेल पाठवला की कार्यालयाला ते नोंदीत सापडत नाही आणि ‘आमच्याकडे नोंद नाही’ असं उत्तर जाऊ शकतं. खरं पत्र असूनही उमेदवार संशयात येतो. लेटरहेडवर पडताळणीसाठीचा ईमेल पत्ता नसेल तर तो पत्रात टाकायची विनंती करा.

सीजीपीए म्हणजे सगळ्या सत्रांच्या एसजीपीएची सरासरीच ना?

प्रत्येक सत्राचे श्रेयांक सारखे असतील तरच. एरवी श्रेयांकांनुसार भार द्यावा लागतो. समजा एका सत्रात २० श्रेयांक आणि एसजीपीए ८.००, दुसऱ्यात २४ श्रेयांक आणि एसजीपीए ६.००. साधी सरासरी ७.०० येते. श्रेयांकांसह हिशेब केला तर १६० आणि १४४ मिळून ३०४, भागिले ४४, म्हणजे ६.९१. ०.७५ वजा करण्याच्या नियमाने पहिल्याचे ६२.५० टक्के होतात आणि दुसऱ्याचे ६१.६०. पत्रात नेहमी अंतिम गुणपत्रिकेवर छापलेला सीजीपीएच यायला हवा. काही जण शेवटच्या सत्राचा एसजीपीए, तो जास्त असतो म्हणून, अर्जात लिहितात. कार्यालय निकालाच्या नोंदीतून तपासतं आणि अर्ज परत येतो, त्यात दिवस जातात.

डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला असेल तर सीजीपीए सहा सत्रांचा असतो. तसं पत्रात लिहून घ्या, नाहीतर पहिल्या दोन सत्रांच्या गुणपत्रिका कुठे आहेत असा प्रश्न हमखास येतो.

गुणपत्रिकेवर गुणही आहेत आणि सीजीपीएही. कोणते टक्के खरे?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. समजा आठ सत्रांत ७,००० पैकी ४,३४० गुण आहेत. सरळ भागाकाराने ६२.०० टक्के येतात. त्याच उमेदवाराचा सीजीपीए ६.७१ असल्याने सूत्राने ५९.६० येतात. हिशेब दोन्ही बरोबर आहेत. श्रेणी पद्धतीत ६० ते ६९ असा पट्टा असेल तर ६० गुणांना आणि ६९ गुणांना एकच श्रेणी गुणांक मिळतो, पट्ट्याच्या आतला फरक पुसला जातो. शिवाय गुणांच्या बेरजेत प्रत्येक विषयाला त्याच्या कमाल गुणांचा भार असतो, सीजीपीएत श्रेयांकांचा. दोन आकडे जुळण्याचं कारणच नाही.

कोणता लिहायचा हे जाहिरातीतली व्याख्या ठरवते. आयबीपीएसच्या जाहिरातीत टक्के म्हणजे सर्व सत्रांतल्या सर्व विषयांचे मिळालेले गुण भागिले कमाल गुण, अशी व्याख्या आहे, आणि सीजीपीए दिलेल्यांसाठी विद्यापीठाच्या नियमाने रूपांतर ही वेगळी तरतूद आहे. अंतिम निकाल फक्त सीजीपीएत असेल तर रूपांतर. अंतिम गुणपत्रिकेवर एकूण गुणही छापले असतील तर आमचा सल्ला असा: फॉर्म भरण्याआधी भरती करणाऱ्या संस्थेच्या मदत कक्षाला लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा आणि कार्यालयाकडून दोन्ही आकडे वेगवेगळ्या ओळींत लिहिलेलं पत्र घ्या. सोयीचा आकडा निवडून दुसरा लपवणं टाळा. गुणपत्रिका टेबलावर असतात, दुसरा आकडा समोरच्याला दिसतोच.

कार्यालय म्हणालं, ‘आमच्याकडे रूपांतराचा नियमच नाही.’ आता?

काही संस्था जाणीवपूर्वक टक्के देत नाहीत, कारण त्यांच्याकडे श्रेणी वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरते. अशा वेळी रिकाम्या हाताने परत येऊ नका. ‘या संस्थेत सीजीपीएचे टक्केवारीत रूपांतर करण्याचा नियम नाही’ हेच लेटरहेडवर लिहून मागा. नियम नसलेल्यांसाठी काय करायचं हे काही जाहिरातींत दिलेलं असतं, बऱ्याचदा दहाने गुणणं. तो पर्याय वापरण्याचा तुमचा आधार म्हणजे हे पत्र. पत्र नसताना दहाने गुणलं तर ते तुमचं मत ठरतं.

नियम आहे, पण खिडकीवरच्या व्यक्तीला माहीत नाही, असंही घडतं. परिपत्रकाची छापील प्रत सोबत असेल तर हा वाद पाच मिनिटांत मिटतो.

किती आधी अर्ज करावा?

लेखी परीक्षेचा फॉर्म भरला त्याच आठवड्यात. मुलाखतीचं पत्र येईपर्यंत थांबू नका. सत्र परीक्षा आणि निकालाच्या काळात परीक्षा विभाग त्याच कामात बुडालेला असतो, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीत सही करणारे रजेवर असतात. शुल्क आणि लागणारे दिवस प्रत्येक ठिकाणी वेगळे, ते खिडकीवरच किंवा विद्यार्थी पोर्टलवर विचारा. तातडीच्या शुल्काची सोय असेल तर पावतीवर ‘तातडीचे’ असं लिहिलंय का बघा.

पत्राची तारीख फॉर्मच्या शेवटच्या तारखेनंतरची असली तर घाबरू नका. पात्रतेसाठी पदवीचा निकाल मुदतीच्या आत लागलेला असणं महत्त्वाचं. जाहिरातीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर रूपांतराचं पत्र नंतरचं चालतं.

फॉर्ममध्ये चुकीचे टक्के आधीच भरून झालेत. काय करू?

फॉर्म दुरुस्तीची मुदत असेल तर तिथेच बदला. मुदत संपली असेल आणि बरोबर टक्क्यांनीही तुम्ही पात्र राहत असाल, तर मदत कक्षाला लगेच कळवा: फॉर्ममधला आकडा, बरोबर आकडा आणि विद्यापीठाचं सूत्र. त्या ईमेलची प्रत पडताळणीला न्या. आपण होऊन आधी कळवलेली चूक आणि टेबलावर पकडली गेलेली चूक यांत अधिकारी फरक करतात. बरोबर टक्क्यांनी पात्रताच जात असेल तर कोणतंही पत्र ती परत आणू शकत नाही, त्या जागेवर पुढचा खर्च करू नका.

एकच पत्र सगळीकडे चालेल का?

पत्रावर ‘संबंधितांसाठी’ असं असेल तर चालतं. एका कंपनीचं नाव घातलं असेल तर दुसरीकडे हरकत येऊ शकते. म्हणून जाहिरातीचा संदर्भ अर्जात द्या, पत्रात मात्र विशिष्ट संस्थेचं नाव नको असं सांगा. शक्य असेल तर दोन मूळ प्रती घ्या, कारण काही संस्था मूळ प्रत ठेवून घेतात. आधी रंगीत स्कॅन करा, जावक क्रमांक वाचता येतोय याची खात्री करा. पुढे प्रत हरवली तर त्याच क्रमांकावर दुसरी प्रत मागता येते, नव्याने निकाल शोधावा लागत नाही.